आधी सायकलचे भाडे, मग स्वतःचे तिकीट

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरची आणि ९० तासांच्या मर्यादेची सायकलफेरी दर चार वर्षांनी होते. २०१९ आणि २०२३ नंतरची पुढची फेरी ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा ठिकाणचे अनेक रँडोनर, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ले गाठणारे सायकलस्वार, तिच्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे पात्रता-फेऱ्या, पूर्ण करण्यात वर्ष घालवतात आणि मग एखाद्या संध्याकाळी विमानाचे सर्वात स्वस्त तिकीट काढून मोकळे होतात. सायकल त्या विमानात कशी जाणार, तिला किती पैसे पडणार आणि मुळात ती स्वीकारली जाणार का, हे प्रश्न तिकिटाचे पैसे खात्यातून गेल्यावर पुढे येतात. हा लेख विमानाने प्रथमच सायकल नेणाऱ्यांसाठी आहे. त्यात पुण्याहून मोटारीने मुंबई विमानतळ आणि तेथून पॅरिस हा एकच प्रवास उदाहरण म्हणून घेतला आहे. लेह, गुवाहाटी किंवा गोव्याला सायकल नेतानाही हीच पद्धत लागू पडते, फक्त आकडे लहान होतात.

पहिली पायरी: खोका मोजणे

दरपत्रक उघडण्यापूर्वी तीन मापे आणि एक वजन हाती असले पाहिजे, कारण कोणत्याही विमान कंपनीचे शुल्क या चार आकड्यांवरच ठरते. सायकलच्या दुकानात नवी सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते तो खोका दुकानदार बहुधा फुकट किंवा थोड्या पैशांत देतो. मात्र तो फेकला जाण्याआधी दोन-तीन आठवडे सांगून ठेवावा लागतो. त्याची लांबी, उंची आणि रुंदी साधारण १४२, ८० आणि २२ सेंटिमीटर भरते, म्हणजे तिन्हींची बेरीज २४४. ही बेरीज कागदावर लिहून ठेवावी, कारण दरपत्रकात 'एकूण माप' म्हणून जे विचारले जाते ते हेच.

खोक्याचा प्रकार ठरवतानाच वजनाचा निम्मा निकाल लागतो. पुठ्ठ्याचा खोका चार-पाच किलोंचा असतो, चाके लावलेली मऊ बॅग सहा ते आठ किलोंची आणि कडक कवचाची पेटी दहा-बारा किलोंची. दहा किलोंची सायकल बारा किलोंच्या पेटीत ठेवली की बावीस किलो तेथेच झाले, आणि पंप, हत्यारे, सुटे टायर यांना जागा राहिली नाही. पेटी सायकलला अधिक जपते हे खरे, पण महागडी पेटी घेऊन दोन्ही वेळा जादा वजनाचे पैसे भरणारे लोक मी पाहिले आहेत. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला नीट भरलेला पुठ्ठ्याचा खोका पुरतो, हे माझे मत आहे. कार्बनच्या सांगाड्याबाबत मात्र मी ते इतक्या ठामपणे म्हणणार नाही.

वजन करण्यासाठी घरातला साधा वजनकाटा चालतो. खोका उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. येणाऱ्या आकड्यात एक किलो मिळवावा, कारण शेवटच्या क्षणी टेप, पावसाळी जाकीट आणि 'हे राहिलेच' असे काहीतरी त्यात जातेच.

दुसरी पायरी: दरपत्रक वाचणे

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. नगांच्या पद्धतीत तुम्हाला एक किंवा दोन नग मिळतात. साध्या वर्गात प्रत्येक नग बहुधा २३ किलोंपर्यंत आणि एकूण माप १५८ सेंटिमीटरपर्यंत असावा लागतो. वजनाच्या पद्धतीत नग किती हे दुय्यम ठरते आणि सगळ्या चेक-इन सामानाचे मिळून वजन पाहिले जाते. दोन्हींत एका नगाचे वजन ३२ किलोंच्या वर गेले तर तो सामान म्हणून घेतला जात नाही आणि मालवाहतुकीचा रस्ता धरावा लागतो. ही मर्यादा सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे, त्यामुळे काउंटरवर तीत सूट मिळत नाही.

आता आपला २४४ सेंटिमीटरचा खोका १५८ च्या मर्यादेत कधीच बसणार नाही. मोठ्या आकाराच्या सामानाचे साधे शुल्क त्याला लावले तर रक्कम फार होईल. म्हणूनच कंपन्या खेळाच्या साहित्यासाठी वेगळे पान ठेवतात आणि आपण शोधायचे ते पान हेच. त्यावर सायकलसाठी ढोबळमानाने तीन प्रकारचे नियम आढळतात.

पहिल्या प्रकारात सायकल तुमच्या नेहमीच्या सामानातच मोजली जाते आणि फक्त आकाराची मर्यादा शिथिल होते. आखातातील मोठ्या कंपन्यांचा कल या बाजूला आहे. उदाहरणार्थ, कतार एअरवेज खेळाचे साहित्य ३०० सेंटिमीटर एकूण मापापर्यंत नेहमीच्या सामानात धरते. ब्रिटिश एअरवेजही सायकल चेक-इन सामानाचा एक नग म्हणून घेते, पण खोक्याची लांबी, उंची आणि रुंदी यांच्यावर वेगवेगळ्या मर्यादा घालते. म्हणून बेरीज बसली तरी एखादी बाजू बसत नाही असे होऊ शकते.

दुसऱ्या प्रकारात सायकलला प्रत्येक दिशेसाठी ठरावीक शुल्क असते, मग तुमच्या तिकिटात सामान असो वा नसो. युरोपातील बऱ्याच कंपन्या या पद्धतीने चालतात, आणि युरोपातल्या युरोपात स्वस्त उड्डाणे करणाऱ्या रायनएअरसारख्या कंपन्याही. त्यांच्याकडे आगाऊ भरण्याचा दर कमी आणि विमानतळावरचा दर जास्त असतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. त्यात सायकल एक नग म्हणून धरली जाते आणि त्याशिवाय हाताळणीचे शुल्कही लागते. दरपत्रकात हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले असते. सामानाच्या पानावर 'सायकल स्वीकारली जाते' एवढेच वाचून आपण पहिला प्रकार समजून बसतो आणि शुल्काचे कोष्टक खाली वेगळेच राहते. पान वाचताना म्हणून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. सायकल माझा एक नग खाते का? त्याशिवाय पैसे लागतात का? आणि ते पैसे एका दिशेचे आहेत, दोन्ही दिशांचे, की प्रत्येक उड्डाणाचे? मुंबई–दोहा–पॅरिस या प्रवासात एका दिशेलाच दोन उड्डाणे असतात. शुल्क उड्डाणागणिक असेल तर जाऊन-येऊन ते चार वेळा भरावे लागते.

देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो मिळतात, म्हणजे सायकलचा खोका एकट्यानेच मर्यादा ओलांडतो. तेथे जादा किलोंची आगाऊ टप्प्याने खरेदी करता येते आणि तो दर विमानतळावरच्या प्रतिकिलो दरापेक्षा बराच कमी असतो. सायकलसाठी वेगळे शुल्क असल्यास ते जादा वजनाच्या पैशांत धरलेले आहे की त्यावर आणखी आहे, हे मात्र विचारूनच घ्यावे.

इतर साहित्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर क्रिकेटचे किट बहुतेक वेळा आकाराने साध्या बॅगेतच बसते आणि प्रश्न फक्त वजनाचा उरतो, मात्र बॅट केबिनमध्ये नेता येत नाही. गोल्फची बॅग आणि स्कीचा जोड यांना अनेक कंपन्या सायकलपेक्षा सौम्य नियम लावतात. सर्फबोर्डला सर्वात कडक नियम असतात, कारण त्याची लांबी सामानकक्षात बसेल की नाही हे विमानाच्या प्रकारावर अवलंबून असते.

तिसरी पायरी: नियम कोणाचा

ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिकीट काढले तिचे विमान नेहमी येतेच असे नाही. कोडशेअरमध्ये तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक असतो आणि विमान दुसरीच कंपनी उडवते. तिकिटावर बारीक अक्षरांत `Operated by` असे लिहिलेले असते, ती ओळ आवर्जून वाचावी. एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्या असतील तर आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, नियमानुसार त्या प्रवासातील 'सर्वात महत्त्वाच्या' वाहकाचे सामानाचे नियम साधारणतः पूर्ण प्रवासाला लागू होतात. भारतातून युरोपला जाताना हा वाहक म्हणजे बहुधा लांब पल्ल्याचे उड्डाण करणारी कंपनी. पण सायकल प्रत्यक्ष स्वीकारायची की नाही, सामानकक्षात जागा आहे की नाही, हे विमान उडवणारी कंपनीच ठरवते. म्हणून नोंदणीची खात्री तिच्याकडूनही करून घ्यावी लागते.

पुणे–दिल्ली आणि दिल्ली–पॅरिस हा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासाची सामानमर्यादा देशांतर्गत टप्प्यालाही लागू होते. तीच दोन तिकिटे वेगवेगळी काढली तर पुणे–दिल्ली टप्प्यावर १५ किलोंचा हिशेब लागतो, शुल्क दोनदा भरावे लागते आणि दिल्लीत खोका उतरवून पुन्हा जमा करावा लागतो. मुंबईपर्यंत मोटारीने जाणे मला याच कारणासाठी सोपे वाटते. अर्थात, आडवा खोका मावेल अशी मोटार आधी ठरवलेली हवी, कारण लहान टॅक्सीत तो जात नाही.

एक हिशेब

आता कागद-पेन घेऊन तुलना करू. पुढील भाडी आणि शुल्के हिशेब दाखवण्यासाठी धरलेली आहेत, कोणत्याही कंपनीची नाहीत. प्रत्यक्ष आकडे त्या दिवशीच्या दरपत्रकातून घ्यावेत.

सायकल पेडल आणि मडगार्डसह १२ किलो, खोका साडेचार किलो, फोम आणि टेप एक किलो, पंप, हत्यारे आणि सुटा टायर दीड किलो, असा खोका १९ किलोंचा झाला. कपड्यांची बॅग ९ किलोंची. एकूण चेक-इन सामान २८ किलो.

'अ' कंपनीचे थेट उड्डाणाचे जाऊन-येऊन भाडे ६४,००० रुपये आहे. त्यात २३ किलोंचा एक नग आहे, तो कपड्यांच्या बॅगेत जातो. सायकलचे ठरावीक शुल्क एका दिशेला ११,००० रुपये, म्हणजे दोन्ही मिळून २२,०००. एकूण ८६,०००.

'ब' ही आखातातून जाणारी कंपनी ६६,००० रुपयांत २५ किलो देते आणि सायकल त्यातच मोजते. आपल्याला २८ किलो हवे आहेत. तिकिटाचा पुढचा प्रकार ३० किलोंचा आहे आणि तो ५,००० रुपयांनी महाग आहे. तो घेतला तर एकूण ७१,०००. तो न घेता विमानतळावर तीन जादा किलो २,५०० रुपये किलोच्या दराने भरले तर एका दिशेला ७,५००, दोन्ही मिळून १५,००० आणि एकूण ८१,०००. सामान तेच, विमान तेच आणि फरक दहा हजारांचा.

'क' कंपनीचे भाडे ५६,००० दिसते, पण त्यात चेक-इन सामानच नाही. पहिला नग ७,००० आणि दुसरा १०,००० रुपयांना, एका दिशेला १७,००० आणि दोन्ही मिळून ३४,०००. एकूण ९०,०००, आणि सायकलला हाताळणीचे शुल्क वेगळे असेल तर त्याहून जास्त.

शोधाच्या पडद्यावर 'क' सर्वात वर, मग 'अ' आणि तळाला 'ब' दिसत होते. सायकल धरून हिशेब केला की क्रम अगदी उलटा झाला. 'ब' मध्ये मधल्या विमानतळावर खोका एका विमानातून दुसऱ्यात जातो आणि तो मागे राहण्याची शक्यता थेट उड्डाणापेक्षा जास्त असते, ही बाबही तराजूत टाकावी. थेट उड्डाणासाठी १५,००० रुपये जास्त देणे ज्याला परवडते त्याने ते जरूर द्यावेत. ते जमत नसेल, तर फेरीच्या निदान तीन-चार दिवस आधी पोहोचावे आणि मधला थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नये. खोका एका दिवसाने उशिरा आला तरी फेरी मग चुकत नाही.

तुलना करताना प्रत्येक कंपनीच्या दरपत्रकाच्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवावी, कारण ही शुल्के वर्षातून केव्हाही बदलतात. वाद झाला तर तिकीट काढले त्या दिवशीची अट काय होती, हे दाखवायला ती उपयोगी पडते.

चौथी पायरी: आगाऊ नोंदणी

सायकलची नोंदणी म्हणजे निव्वळ पैसे भरणे नव्हे. सामानकक्षात सायकलींना मर्यादित जागा असते. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या एकाच विमानात पंधरा रँडोनर असतील तर शेवटच्या तिघांना नकार मिळू शकतो. अनेक कंपन्या उड्डाणाच्या २४ ते ४८ तास आधीची मुदत देतात, पण तेवढे थांबण्यात काहीच शहाणपण नाही. तिकीट काढण्यापूर्वी एक फोन करून त्या उड्डाणावर सायकलला जागा आहे का ते विचारावे आणि तिकीट निघाल्यावर त्याच दिवशी नोंदणी करावी.

काही संकेतस्थळांवर 'अतिरिक्त सामान' किंवा 'खेळाचे साहित्य' या भागातून सायकल थेट जोडता येते. तशी सोय नसेल तर ग्राहक कक्षाला फोन करावा. त्यांना पीएनआर, सायकलींची संख्या, खोक्याची तिन्ही मापे आणि वजन सांगावे, आणि सायकल विजेवर चालणारी नाही हेही सांगावे. नंतर तीच माहिती ईमेलने पाठवून लेखी उत्तर घ्यावे. मजकूर एका ओळीचा पुरतो:

```
BIKE 1 PC, 142 X 80 X 22 CM, 19 KG, NON-ELECTRIC
```

विमान कंपन्यांच्या प्रणालीत विशेष सेवेच्या विनंतीला चार अक्षरांचा संकेत असतो. सायकलचा संकेत `BIKE` आणि इतर क्रीडासाहित्याचा `SPEQ`. या संकेतापुढे दोन अक्षरी स्थिती दिसते. `HK` म्हणजे नोंद पक्की झाली, `HN` म्हणजे विनंती गेली पण उत्तर आलेले नाही आणि `UC` म्हणजे मान्य करता येत नाही. फोनवरचा माणूस 'ॲड केली आहे' असे म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा `HN` बघूनच म्हणत असतो, म्हणून 'कन्फर्म आहे का, दोन्ही दिशांच्या सगळ्या उड्डाणांवर `HK` आहे का' असे स्पष्ट विचारावे. पैसे भरल्यावर `EMD` नावाचा दस्तऐवज मिळतो. त्याचा क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, जसे एअर इंडियाचे ०९८ आणि एअर फ्रान्सचे ०५७. हा क्रमांक हाती नसेल तर पैसे भरल्याचा पुरावा काउंटरवरच्या पडद्यावर सापडेलच असे नाही.

परतीच्या प्रवासाकडे दुर्लक्ष होते ते येथेच, आणि माझेही झाले होते. जातानाची नोंद पक्की होती, परतीचे पहिले उड्डाण दुसऱ्या कंपनीचे होते आणि तिच्याकडे माझ्या सायकलची विनंती पोहोचलीच नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. त्यावर फक्त एक बॅग दिसत होती. दीड तास फोनाफोनी झाली, पूर्ण विमानतळ-दराने पुन्हा पैसे भरावे लागले आणि ते पैसे परत मिळायला तीन महिने गेले. `EMD` ची प्रत आणि लेखी ईमेल हाताशी होते म्हणून निदान ते मिळाले. त्यानंतर मी उड्डाणाच्या आठवडाभर आधी प्रत्येक टप्प्याची नोंद विमान उडवणाऱ्या कंपनीकडे पुन्हा तपासतो. मधल्या काळात वेळापत्रक बदलून नवे उड्डाण मिळाले असेल तर जुनी विशेष विनंती आपोआप पुढे सरकते असे गृहीत धरू नये.

तिकीट एखाद्या प्रवास संस्थेकडून किंवा तुलना करणाऱ्या संकेतस्थळावरून काढले असेल तर विमान कंपनी 'तुमच्या एजंटशी बोला' असे सांगू शकते आणि एजंट कंपनीकडे बोट दाखवतो. सायकल नेणाऱ्याने तिकीट शक्यतो थेट कंपनीकडूनच घ्यावे, चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी.

पाचवी पायरी: खोका भरणे

भरण्याची कला वेगळ्या लेखाचा विषय आहे, म्हणून शुल्काशी आणि स्वीकृतीशी ज्यांचा संबंध येतो तेवढ्याच गोष्टी सांगतो. पेडल काढावेच लागतात, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून अनेकांनी क्रँकचे आटे घालवले आहेत. हँडलबार सोडवून वरच्या नळीला बांधावा. सीटपोस्ट काढण्याआधी त्याच्या उंचीवर टेपची खूण करावी. मागचा डिरेलर हँगरपासून सोडवून मागच्या त्रिकोणात आत बांधावा, कारण खोका आडवा पडला की पहिला धक्का हँगरलाच बसतो आणि वाकलेल्या हँगरवर गियर नीट पडत नाहीत. आपल्या सांगाड्याचा सुटा हँगर सोबत असावा. तो प्रत्येक सांगाड्याचा वेगळा असतो आणि परगावच्या दुकानात मिळेलच असे नाही. पुढचे चाक काढल्यावर फॉर्कच्या टोकांत प्लॅस्टिकचा आधार आणि डिस्क ब्रेक असतील तर पॅडमध्ये पाचर घालावी. दोन्ही वस्तू दुकानात नव्या सायकलींतून निघालेल्या पडून असतात.

टायरमधली हवा कमी करायला बहुतेक कंपन्या सांगतात. सामानकक्षातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे टायर फुटण्याची भीती वाटते तेवढी नसते, पण नियम आहे तर वाद घालू नये. हवा पूर्ण काढू नये एवढेच, कारण थोडी हवा रिमला गादीसारखी उपयोगी पडते.

रिकाम्या जागेत हेल्मेट, बूट आणि कपडे कोंबण्याचा मोह होतो. काही कंपन्या सायकलच्या खोक्यात फक्त सायकल असावी अशी अट घालतात. ती आपल्या दरपत्रकात आहे का ते पाहावे आणि नसेल तरच जागा वापरावी.

बॅटरीबाबत नियम कडक आहेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. बिनतारी गियरची बॅटरी डिरेलरवरून काढून हातातल्या बॅगेत घ्यावी, नाहीतर धक्क्यांनी गियर चालू राहून ती प्रवासातच उतरते. १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामान म्हणून नेता येत नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट असतात, म्हणून तशी सायकल बॅटरीसह नेण्याचा विचारच सोडावा. हवा भरण्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या घरीच ठेवून तिकडे विकत घ्याव्यात. हत्यारे आणि पंप चेक-इनमध्ये, केबिनमध्ये नाहीत.

विमानतळावर

विमान कंपनी आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी यायला सांगत असेल तर सायकलवाल्याने चार तास आधी यावे. पहिले काम सीमाशुल्काचे आहे. परत येताना 'ही सायकल परदेशात घेतली का' असा प्रश्न येऊ नये म्हणून जातानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यासाठी खरेदीचे बिल आणि सांगाड्याचा क्रमांक लागतो. तो बहुतेक सायकलींवर पेडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो. खोका बंद करण्यापूर्वी त्याचा स्वच्छ फोटो काढावा. अधिकाऱ्याला प्रत्यक्ष सायकल पाहायची असू शकते, म्हणून हे काम खोका काउंटरवर देण्यापूर्वीच करावे लागते. नंतर ते जमत नाही.

चेक-इन काउंटरवर खोक्याचे वजन होते आणि चिठ्ठी लागते, पण तो नेहमीच्या पट्ट्यावरून जात नाही. मोठ्या आकाराच्या सामानाची वेगळी जागा असते आणि तेथे खोका स्वतः ढकलत न्यावा लागतो. साध्या क्ष-किरण यंत्रात तो मावला नाही तर सुरक्षा कर्मचारी तो उघडायला सांगतात. म्हणून शेवटची टेप भरमसाट मारू नये आणि रुंद टेपचा एक गुंडा बाहेर हाताशी ठेवावा. कर्मचारी दोन-तीन ठिकाणी हात घालून बघतो आणि बाजूला होतो. मागे खोका पुन्हा बंद करायला टेप नसेल तर त्या ठिकाणी ती कोणी देत नाही.

काउंटरवर कधी कधी नुकसानीची जबाबदारी मर्यादित करणाऱ्या चिठ्ठीवर सही मागतात. सही करण्यापूर्वी ती वाचावी. 'पॅकिंग अपुरे' या रकान्यावर खूण असेल आणि पॅकिंग चांगले असेल तर ती खूण काढायला सांगावी. बंद करण्यापूर्वी आतून-बाहेरून काढलेले फोटो अशा वेळी कामाला येतात.

उतरल्यावर

पॅरिसला खोका नेहमीच्या पट्ट्यावर शोधत बसू नये. मोठ्या सामानाचे वेगळे दार असते. खोका मिळताच तेथेच उघडून फॉर्क, हँगर आणि चाके पाहावीत. काही मोडलेले दिसले तर बाहेर पडण्यापूर्वी सामान कक्षात तक्रार नोंदवून `PIR` क्रमांक घ्यावा. घाईत बाहेर पडून दुसऱ्या दिवशी लक्षात आले तरी विमान प्रवासातील भरपाई ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करता येते आणि उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत. मुदत उलटली की दावा संपला.

या करारातील भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककात १,५१९, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपये आहे. तीत सायकलबरोबर कपड्यांची बॅगही आली. यापेक्षा महाग सायकल असेल तर खोका देताना जास्त मूल्य जाहीर करून त्याचे वेगळे शुल्क भरण्याची तरतूद करारात आहे. काउंटरवर ही मागणी क्वचितच येत असल्याने ती आगाऊ फोनवरच मांडावी. प्रवास विम्याचा कागदही वाचावा, कारण पुष्कळ विम्यांत क्रीडासाहित्य वगळलेले असते.

हॉटेलवर सायकल जोडून झाली की पुठ्ठ्याचा खोका कचऱ्यात जाऊ देऊ नये. फेरीनंतर परतीच्या विमानासाठी तोच लागणार असतो. त्यामुळे हॉटेल ठरवतानाच आठवडाभर खोका ठेवून घ्याल का, असे विचारून लेखी होकार घ्यावा. खोक्यावर नाव, खोली क्रमांक आणि परतीची तारीख जाड अक्षरांत लिहावी आणि फोमचे तुकडे, फॉर्कचा आधार व टेपचा गुंडा त्याच्या आतच ठेवून तो घडी करून भिंतीला टेकवून ठेवावा.